एका संध्याकाळची किंमत

पेटी, तबला किंवा गाणे घरी शिकवणारा माणूस आपली मिळकत दोन खिशांतून सांगतो. एक खिसा शिकवणीचा आणि दुसरा कार्यक्रमांचा, म्हणजे मंदिरातले भजन, सत्यनारायण, वास्तुशांत, डोहाळजेवण, साठीशांत, गणपतीतली आरती आणि दिवाळी पहाट. दोन खिसे असले म्हणजे एक रिकामा झाला तरी दुसऱ्यावर निभावते, असे गृहीत धरलेले असते. या धंद्यातल्या बऱ्याच माणसांनी आपली घडी याच समजुतीवर बसवली आहे आणि माझ्या मते ती चुकीची आहे. मुले शाळेतून सुटतात संध्याकाळी पाचला आणि भजनाला माणसे जमतात संध्याकाळी सातला. दोन्ही खिसे एकाच संध्याकाळमधून भरायचे असतात, त्यामुळे एकात पडते ते पुष्कळदा दुसऱ्यातून निघालेले असते. शिकवणी हा पाया धरला आणि कार्यक्रम त्या शिकवणीचाच भाग म्हणून घेतला, तरच दोन्ही टिकतात. वरकड मिळकत म्हणून घेतलेला कार्यक्रम शिकवणीला आतून पोखरतो.

हे पटवून घ्यायला आधी पंचांग आणि परीक्षेचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवावे. महाराष्ट्रात घरगुती शिकवणीचा कणा म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार, ही उतरंड शिकवणीच्या प्रत्येक घरात पाठ असते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आता कार्यक्रमांचा मोसम पाहा. गणेश चतुर्थीपासून सुरू झालेली धावपळ नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, काकड आरती आणि तुळशीच्या लग्नापर्यंत संपत नाही. हिवाळी सत्राला बसणाऱ्या मुलांना रागाचे आलाप-ताना किंवा कायद्याचे पलटे घोटून घ्यायचे नेमके हेच आठवडे असतात. उन्हाळी सत्राच्या आधी गुढीपाडवा, रामनवमी आणि हनुमान जयंती येते. म्हणजे विद्यार्थ्याला मास्तर सगळ्यात जास्त हवे असतात तेव्हाच मास्तर बाहेर असतात. ही टक्कर वर्षातून दोनदा ठरलेली आहे, तरी तिला दरवर्षी ‘अचानक कार्यक्रम आला’ असे म्हटले जाते.

आकडे मांडले की गोष्ट आणखी स्पष्ट होते. एक नमुना घेऊ. आकडे मानलेले आहेत, कुणीही आपल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत. एका पेटीशिक्षकाकडे अठरा मुले आहेत. तीन-तीन मुलांच्या सहा तुकड्या, प्रत्येक तुकडी आठवड्यातून दोन वेळा एकेक तास. सोमवारी आणि गुरुवारी पाच ते आठ तीन तुकड्या, मंगळवारी आणि शुक्रवारी उरलेल्या तीन. बुधवार, शनिवार, रविवार मोकळे. दरमहा फी हजार रुपये, महिन्याचे आठ तास, म्हणजे एका मुलाचा एक तास सव्वाशे रुपयांचा. एका संध्याकाळी नऊ मुले येतात, तेव्हा त्या संध्याकाळची किंमत झाली ११२५ रुपये. आता एका मंडळाचे भजन ठरले १०,००० रुपयांना. त्यातून साउंडवाल्याचे ३,००० आणि गाडीचे १,५०० गेले. राहिलेल्या ५,५०० मधून गाणाऱ्याला २,०००, तबल्याला १,२००, पेटीला १,२०० आणि कोरस-टाळाच्या दोघांना ५५० प्रमाणे ११००. आपल्या पेटीमास्तरांच्या हाती आले १,२००. पाचला घर सोडले, साडेअकराला परतले. शिकवणीचे तीन तास बुडवून बाहेर साडेसहा तास घातले आणि फरक पडला पंचाहत्तर रुपयांचा.

यावर कोणीही म्हणेल की फी तर महिन्याची असते. एक तास बुडला म्हणून पालक सव्वाशे रुपये कापत नाहीत, तेव्हा बाराशे रुपये निव्वळ वरचे झाले. एका कार्यक्रमापुरते हे खरे आहे. पण गणपतीच्या दहा-अकरा संध्याकाळी एकत्र धरून बघा. चतुर्थी बुधवारी आली असे समजा. त्या आठवड्याचे गुरुवार-शुक्रवार, पुढच्या आठवड्याचे सोमवार-मंगळवार आणि पुन्हा गुरुवार-शुक्रवार असे शिकवणीचे सहा दिवस मध्ये येतात. सहाही दिवस मास्तर बाहेर गेले तर प्रत्येक मुलाच्या आठांपैकी तीन तास बुडाले. मास्तरांना सहा कार्यक्रमांचे मिळाले ७,२०० रुपये. त्या काळात एका मुलाच्या आईने ‘सध्या बंद ठेवू, दिवाळीनंतर बघू’ म्हटले आणि ते मूल पुन्हा आले नाही, तर त्या एका मुलाचे पुढच्या दहा महिन्यांचे १०,००० गेले. घरगुती शिकवणी सोडणारी मुले सहसा भांडून सोडत नाहीत. आधी एक सुट्टी मास्तरांची पडते, मग एक मुलाची, मग शाळेची घटक चाचणी येते आणि पुढे निरोप येतच नाही. म्हणून मास्तरांना हे नुकसान गणपतीच्या खात्यात दिसत नाही. ते जानेवारीत दिसते आणि तेव्हा त्याचे कारण ‘हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही’ असे दिले जाते.

शिकवणी बुडाली तर भरून काढता येते, हा दुसरा बचाव. रविवारी सकाळी जादा तास घ्यायचे. पण पेटीच्या किंवा तबल्याच्या बोटांना तासांची बेरीज कळत नाही. तबल्यावर नुकताच ‘तिरकिट’ बसू लागलेला हात दहा दिवस सुटला, तर मुलगा परतताना तो बोल जुन्याच कच्च्या पद्धतीने वाजवतो, कारण घरी त्याने चुकीचाच घोटलेला असतो. रविवारी सलग दोन तास बसवून हे सुटत नाही, उलट मनगट आखडते. गळ्याचेही तेच. लहान मुलाचा आवाज चाळीस-पन्नास मिनिटांपलीकडे ताणला की तो वरच्या षड्जावर जोर देऊ लागतो. जादा तासाने वहीतला हिशेब पुरा होतो, पण शिकणे मागेच राहते.

मग कार्यक्रम सोडूनच द्यावेत का? तसे माझे म्हणणे नाही आणि त्याला कारण शिकवणीतच आहे. परीक्षेच्या अभ्यासक्रमात एक मोठी उणीव आहे, ती केवळ कार्यक्रमच भरून काढू शकतो. परीक्षेत मुलाला स्वतःचे वाजवून दाखवायचे असते. राग आपण ठरवलेला, स्वर आपला, लय आपण लावलेली. दुसऱ्याच्या गळ्यामागे जायचे कसब तिथे जवळपास तपासलेच जात नाही. उलट बाहेर पैसे मिळतात ते जवळजवळ सगळे साथीचे. अलंकारापर्यंत जाऊनही भजनात पहिल्या पाच मिनिटांत हरवणारा पेटीवाला दुर्मिळ नाही आणि त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नसतो. त्याला ते कुणी शिकवलेले नसते.

पेटीपासून सुरुवात करू. शिकवणीत बहुतेक मुले काळी एकवर वाजवायला शिकतात, कारण पुरुष-आवाजाला आणि मास्तरांच्या सवयीला तो स्वर सोयीचा. काळी एकवर शुद्ध स्वरांचे सप्तक वाजवताना सा, रे, म, प, ध काळ्या पट्टीवर येतात आणि ग, नी तेवढे पांढऱ्यावर. तीन-चार वर्षांत बोटांना हा नकाशा इतका पक्का होतो की मुलगा स्वर वाजवत नसतो, पट्ट्या वाजवत असतो. भजनाला एखाद्या ताई येतात आणि ‘मला पांढरी चार द्या’ म्हणतात. आता मध्यम तेवढा काळ्या पट्टीवर, बाकी सगळे पांढऱ्यावर. सगळा नकाशा उलटा झाला. स्केलचेंजर पेटी असेल तर मुलगा पट्टी सरकवून आपला काळी एकचा हात कायम ठेवतो आणि निभावते. पण मंदिरातली पेटी साधी असते, आणि सरकवून घेतली तरी त्याच अभंगानंतर बुवा गवळण दुसऱ्या स्वरात उचलतात तेव्हा सरकवायला उसंत नसते. घरी याची परीक्षा घेणे सोपे आहे. मुलाला नीट येणारा एक अभंग पट्टी न सरकवता पांढरी चारवर, मग काळी दोनवर वाजवायला सांगावे. स्थायी आली आणि अंतरा अडला तर समजावे की तो अंतरा कानात नाही, बोटातच आहे. त्याला सरगम तोंडाने म्हणायला लावून मग वाजवायला लावले की दोन-तीन महिन्यांत गाठ सुटते. हा धडा परीक्षेच्या पुस्तकात नाही, पण बाहेरचे निम्मे काम याच्यावर चालते.

तबल्याची अडचण निराळी. तिथे स्वर बोटांत नसतो, चामड्यात असतो. काळी एकला जुळणारा तबला हातोडीने वर चढवून पांढरी दोनपर्यंत नेता येतो, काळी दोन म्हणजे ताण, त्यापुढे गेले तर पुडी फाटण्याची किंवा वादी तुटण्याची वेळ येते. खाली उतरवला तर चाट बोदी होते आणि ‘ना’ ठसत नाही. म्हणून बाहेर वाजवणाऱ्याला दोन तबले लागतात, एक लहान तोंडाचा चढा आणि एक मोठ्या तोंडाचा ढाला. गाणाऱ्याचा षड्ज जमत नसेल तर मध्यमात किंवा पंचमात तबला लावण्याची सोय असते, तीही विद्यार्थ्याला आधी कळायला हवी. घरी एकाच तबल्यावर शिकलेल्या मुलाला हे सगळे ऐनवेळी मंडपात कळते. पावसाळी हवेत घरातून निघताना जुळवलेला तबला मंडपात उतरलेला सापडतो आणि हॅलोजनच्या समोर अर्धा तास बसला की चढतो. पखवाज असेल तर डाव्या तोंडाची ओली कणीक वाळते आणि धुम कमी होत जाते, मग ती काढून पाणी लावून पुन्हा बसवायची. दोन अभंगांच्या मध्ये दीड मिनिट मिळते, त्यात कुठल्या गठ्ठ्यावर किती ठोके हे ठरवता यावे लागते. हे हजार वेळा सांगितले तरी घरच्या पंख्याखाली शिकता येत नाही.

पण सगळ्यात अवघड गोष्ट लयीची आहे. संगीत भजनाचा क्रम साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला स्तवन आणि नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, त्यानंतर एक-दोन अभंग, गवळण, शेवटाकडे गजर आणि भैरवी. कोकणातल्या डबलबारीत यात दोन बुवांची सवाल-जवाबाची जुगलबंदी मिसळते. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा संथ सुरू होतो आणि गजरात दुपटीच्या पुढे जातो. लय चढवायची कधी हे बुवा ठरवतात, पण चढवतात टाळकरी. पंधरा माणसे टाळ घेऊन बसली की अंतऱ्यावरून ध्रुपदावर येताना प्रत्येक वेळी लय थोडी वर सरकते आणि कोणाच्या ते लक्षात येत नाही. परीक्षेत त्रितालाची दुगुण-चौगुण बिनचूक म्हणून दाखवणारा मुलगा इथे टाळांच्या मागे धावतो, कारण त्याला लय पकडायला शिकवले आहे, धरून ठेवायला नाही. बिघडते आहे हे बुवांच्या श्वासावरून कळते. ओळीचे शेवटचे अक्षर तुटू लागले की समजावे, लय पळाली. तेव्हा लग्गी-तिहाया टाकून द्यायच्या, ठेका उघडा आणि जोरकस वाजवायचा, डग्ग्याचे ठोके साधे ठेवायचे आणि सगळ्या टाळकऱ्यांकडे न बघता त्यांच्यातल्या एका ठाम माणसाकडे बघायचे. बाकीचे त्याच्या मागे येतात. लेहऱ्याच्या अ‍ॅपवर रियाज केलेल्या मुलांना हे जास्त जड जाते. यंत्राची लय कधी हलत नाही, म्हणून हलणाऱ्या लयीचे काय करायचे हे त्यांच्या कानाला कधी ठाऊकच झालेले नसते. घरी मास्तरांनी पेटीवर लेहरा धरून मुद्दाम थोडी लय पळवावी आणि मुलाला ती अडवायला लावावी, हा त्यावरचा उपाय आहे. तो बिनखर्चाचा आहे, पण त्याला मास्तर घरी असावे लागतात.

म्हणून कार्यक्रम कसा घ्यायचा, हा प्रश्न उत्पन्नाचा आहे तितकाच शिकवण्याचाही आहे. वरच्याच नमुन्यात थोडा फेरफार करून पाहू. मास्तर दुसऱ्याच्या मंडळीत पेटीवाले म्हणून सहा ठिकाणी जाण्याऐवजी स्वतः मंडळी बांधतात. भजनात बुवाने स्वतः पेटी वाजवत गायची प्रथाच आहे, म्हणजे गाण्याचे आणि पेटीचे असे ३,२०० एका कार्यक्रमात त्यांच्याकडे येतात. तबल्याला त्यांचा मध्यमा-विशारदचा विद्यार्थी, टाळ-कोरसला आणखी दोघे, आणि एक धाकटा विद्यार्थी नुसता बघायला. कार्यक्रम शनिवार-रविवारी किंवा बुधवारी, शिकवणीच्या दिवशी नाही. असे महिन्याला दोन कार्यक्रम झाले तर ६,४०० रुपये मिळाले, एकही तास बुडाला नाही, आणि पुढच्या तासाला शिकवायला विषय मिळाला: परवा दुसऱ्या अंतऱ्यानंतर काय झाले, सांग. सहा रात्री जागून मिळवलेले ७,२०० आणि घडी न मोडता मिळवलेले ६,४०० यांत मोठी रक्कम कोणती, हे दहा महिन्यांच्या वहीत आपोआप कळते.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. विद्यार्थ्यांना घेऊन कार्यक्रम करणे म्हणजे फुकटचे साथीदार वापरणे, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ‘तुला स्टेज मिळते आहे’ असे सांगून मुलाच्या हातात नारळ आणि वड्याची पुडी दिली जाते आणि पाकीट मास्तरांच्या खिशात जाते. हे चालू राहिले तर वरचा सगळा युक्तिवाद लबाडीचे पांघरूण ठरेल. म्हणून भेद सरळ करावा. जो मुलगा ऐकायला, टाळ धरायला येतो त्याला पैसे नसावेत आणि त्याच्या भरवशावर कार्यक्रमही नसावा. ज्याच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही, त्याला बाहेरच्या साथीदाराइतकेच मिळावे. तबल्याचे बाराशे ठरले असतील तर ते विद्यार्थ्यालाही बाराशेच. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल तर त्याच्या हातात, लहान असेल तर पालकांच्या. याचा आणखी एक परिणाम होतो. पैसे देणारा मास्तर त्या मुलाला तयारीशिवाय बसवत नाही, कारण वाईट वाजले तर पैसे देताना त्याचाच जीव कुरकुरतो.

दुसरा आक्षेप पालकांचा. आम्हाला परीक्षा हवी, भजन नको. हा आक्षेप पोकळ नाही. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना सवलतीचे जादा गुण मिळतात आणि त्यामुळे कितीतरी घरांत पेटी-तबला दाखल झाला आहे. पण याच कारणामुळे ही मुले दहावीनंतर झपाट्याने गळतात. गुण मिळाले, काम झाले. ज्यांनी तोवर दुसऱ्यासाठी वाजवण्याची चव घेतलेली असते, ती मुले कॉलेजात गेल्यावरही येत राहतात, कारण गणपतीत त्यांना वाजवायचे असते. तेव्हा पालकांना भजन नको असले तरी मास्तरांना ते हवे. परीक्षा मुलाला शिकवणीत आणते. दहावीनंतर त्याने तिथे टिकायला कारण लागते, ते साथ पुरवते.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: देवाच्या कामाचे पैसे कसले घ्यायचे? कार्यक्रम ठरवताना याच संकोचाने रक्कम बोलली जात नाही. ‘तुमचं तुम्ही समजून द्या’ म्हणायचे, आणि मग पाकीट उघडल्यावर घरी धुसफूस करायची. या बाबतीत विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण विचार करायला लावते. देवाचे काम मोठे मानणाऱ्यांत त्यांच्याइतका माणूस सापडणे अवघड आहे, उत्तरायुष्यात रामनामाच्या भजनालाच त्यांनी वाहून घेतले होते. तरी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल करणारे तेच आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत शिकवणे ही उघड फी घेऊन करायची गोष्ट आहे हे रुजवणारेही तेच. पैसे ठरवून घेण्याने भक्ती उणी होते असे त्यांना वाटले नाही. मात्र त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही आहे. राहून-जेवून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग त्यांनी पोसला, मुंबईत विद्यालयाची इमारत उभारली, आणि हा डोलारा फीवर नव्हे तर देणग्या, कर्ज आणि स्वतःच्या दौऱ्यांतल्या मैफलींवर तोलला. कर्ज फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. त्यांच्या ध्येयाची आणि गल्लीतल्या शिकवणीची तुलना होऊ शकत नाही. पण मैफलींच्या जिवावर शिकवणी चालवण्याचा धोका त्यांच्या तोलाच्या माणसालाही चुकला नाही, एवढे त्यातून घ्यायला हरकत नसावी. त्यांच्या शिष्यांनी मुंबई-पुण्यात जी विद्यालये काढली, ती नियमित वर्ग आणि नियमित फी यांच्यावर उभी राहिली आणि टिकली.

रक्कम बोलताना फक्त आकडा बोलून भागत नाही. फोनवर पाच मिनिटांत ठरवता येतील अशा चार-पाच गोष्टी आहेत आणि बहुतेक कटकटी त्यांतली एखादी राहून गेल्याने होतात. साउंड कुणाचा, आणि माइक किती? बुवा, पेटी, तबला आणि कोरस असे चार माइक नसतील तर तबला कोणाला ऐकूच जात नाही आणि तबलजी जिवाच्या आकांताने बडवून बोटे सुजवून घेतो. सुरू किती वाजता, आणि आरती आधी की नंतर? साडेसातचे भजन आरतीमुळे सव्वानऊला सुरू झाले तर दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि बारापर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातले मोजकेच दिवस देऊ शकते. अर्ध्या कार्यक्रमाचे पूर्ण पैसे द्यायला यजमान कां कूं करतो, म्हणून वेळेची बोली आधीच हवी: आम्ही साडेसातला तयार, उशीर तुमच्याकडून झाला तर रक्कम तीच. आगाऊ किती, आणि पावसाने किंवा घरातल्या सुतकाने रद्द झाले तर ती परत की जमा, हे विचारायला संकोच वाटतो. पण सुतक ही खरोखर नेहमी येणारी अडचण आहे आणि त्या दिवशी कुणालाच पैशांचे बोलायचे नसते. म्हणूनच ते आधी बोलून ठेवावे.

गणपतीत घरी बसायचे तर मग बाजारात नावच राहणार नाही, असे अनुभवी मंडळी म्हणतील. बरोबर आहे. बाहेर कुणी ऐकले नाही तर शिकायला तरी कोण येणार? त्याला उत्तर हे की गणपतीत वाजवू नये असे कुठे म्हटले आहे? जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना वर्षाचा तक्ता पालकांच्या हातात द्यावा. गणपतीचे दहा दिवस सुट्टी, दिवाळीचे चार, मे महिन्यातले पंधरा. त्या हिशेबाने फी अकरा महिन्यांची आणि परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे या सुट्ट्या सोडून एकही तास बुडणार नाही अशी हमी. जाहीर सुट्टी ही पालकाला शाळेसारखी वाटते, अचानकची सुट्टी हलगर्जीसारखी. शिक्षक तोच आणि बुडालेले तासही तेवढेच, पण मूल सोडून जाण्याची शक्यता दोन्हींत सारखी राहत नाही.

संध्याकाळवरचा ताण कमी करणारी एक नवी वाट अलीकडे उघडली आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुले ऑनलाइन शिकतात तेव्हा तिथली संध्याकाळ इथली सकाळ असते. म्हणजे ही शिकवणी कार्यक्रमांच्या आड येतच नाही. पण तिची मर्यादा नेमकी साथीपाशी आहे. आवाज पोहोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. मास्तरांनी इथे लेहरा धरला तर तिकडचा मुलगा त्याच्या मागेच ऐकू येणार. तेव्हा लेहरा त्याच्याकडेच लावायचा, मास्तरांनी थांबून ऐकायचे, मग वाजवून दाखवायचे, त्याने ते परत वाजवायचे. बोल, निकास, राग, सरगम हे सगळे असे शिकवता येते. दुसऱ्याची पळती लय अडवायला मात्र शिकवता येत नाही. त्या मुलाने ते तिथल्या गणेशोत्सवात, तिथल्याच माणसांबरोबर बसून शिकावे लागते आणि मास्तरांनी त्याच्या आईबापांना तसे सांगावे.

या सगळ्या मांडणीला एक सीमा आहे. वारकरी परंपरेत ती लागू पडत नाही. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिक्षणाला फी नाही आणि माधुकरी मागून शिकण्याची रीत तिथे जुनी आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पखवाजाच्या मागे बसलेला मुलगा कुणाकडे क्लासला जात नाही, रोजच्या हरिपाठात आणि रात्रीच्या कीर्तनातच त्याचा हात तयार होतो. तिथे शिकणे आणि वाजवणे एकाच बैठकीत घडते, म्हणून दोघांत संध्याकाळवरून भांडण नसते. शहरातल्या फ्लॅटमध्ये, चार-साडेचार फुटांच्या दिवाणावर पेटी ठेवून शिकवणाऱ्याला ती सोय नाही. सप्ताहातल्या त्याच मुलांपैकी एखादा पुढे पिंपरीला किंवा ठाण्याला नोकरीसाठी येतो आणि मंडळे त्याला पखवाजासाठी बोलावू लागतात, तेव्हा गाडीभाडे कुणी द्यायचे हा प्रश्न त्याच्यापुढेही पहिल्याच फोनला उभा राहतो.